गिफ्ट मुलाचं असलं तरी ते आईवडिलांच्या हातून जाऊ द्या

आपल्याकडे कामाला येणाऱ्यांच्या मुलांना गिफ्ट द्यायचं कसं ते सांगायचंय, पण आधी माझी फजिती सांगते. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलगी तेव्हा चौथीत होती आणि तिच्या वाढदिवसाला मी एक मोठ्ठा सायन्स किट घेऊन आले, चुंबकं, तारा, बल्ब, चाळीस प्रयोग वगैरे, बॉक्स एवढा की दोन्ही हातांनी धरावा लागायचा. ताई "कशाला हो एवढं" म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. सात-आठ महिन्यांनी असंच बोलता बोलता कळलं की तो बॉक्स कपाटावर जसाच्या तसा आहे. त्यात लागणारे सेल वेगळे आणायचे होते, पसारा मांडायला जागा नव्हती, आणि घरात दोन वर्षांचा धाकटा असल्यामुळे ती बारीक चुंबकं बाहेर काढायची ताईंना भीती वाटायची (बरोबरच होतं त्यांचं, पोरानं दोन चुंबकं गिळली तर ती आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि थेट ऑपरेशनवर जातं प्रकरण). म्हणजे मी गिफ्ट दिलं नव्हतं, एक सांभाळायची वस्तू त्यांच्या घरात नेऊन ठेवली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याच मुलीला एक टेबल लॅम्प दिला आणि तो मात्र रोज वापरला गेला. तो कसा ठरवला, काय बघून घेतला, कसा दिला, ते सगळं क्रमाने लिहिते. तुम्हाला लॅम्प द्यायचा नसेल तरी रस्ता हाच.

एक गोष्ट आधीच क्लिअर करून टाकू. पगार वाढवायचा राहिलाय, सुट्टीचे पैसे कापलेत, फी भरायला त्यांनी उसने मागितले तेव्हा आपण कां कू केली, आणि आता पोराला गिफ्ट, असं असेल तर आधी ते निस्तरा. फी, औषध, घरभाडं या गरजेच्या गोष्टी आहेत, तिथे पैसेच लागतात आणि ते सरळ हातात द्यावेत. गिफ्ट म्हणजे त्याच्या वर, एका मुलाला मजा यावी किंवा त्याचं एखादं रोजचं काम सोपं व्हावं म्हणून. आणि ते पगारात किंवा बोनसमध्ये धरायचं नाही, म्हणजे "यावेळी बोनस थोडा कमी आहे पण मुलीला लॅम्प घेतलाय ना" हे चुकूनही नको.

पहिलं काम, विचारणं. पण "घरी काय नाहीये?" असं विचारायचं नाही. या प्रश्नाला माणूस उत्तर तरी काय देणार, काहीच नको म्हणणार, कारण नाहीतर आपली गरिबी मोजून दाखवल्यासारखं होतं. मी नेहमीच्या गप्पांत तीन गोष्टी काढून घेतल्या, आणि एका दिवशी नाही, आठवडाभरात. अभ्यास कधी करते? रात्री, कारण दुपारची शाळा, संध्याकाळी धाकट्याला बघायचं असतं. कुठे बसते? पलंगावर नाहीतर जमिनीवर, भिंतीला टेकून. आणि तेव्हा बाकीचे काय करत असतात? झोपलेले असतात, तिचे वडील पहाटे कामावर जातात म्हणून साडेनऊलाच मोठा दिवा बंद होतो, मग ती मोबाईलच्या टॉर्चवर लिहिते, आणि तो मोबाईल ताईंचा.

झालं, इथेच गिफ्ट सापडलं. ती टॉर्चवर लिहिते हे "काय पाहिजे" विचारून कधीच कळलं नसतं.

तरीही थेट घ्यायला पळाले नाही. ताईंना म्हटलं, "तिच्यासाठी काहीतरी घ्यायचं मनात आहे, रात्री वाचायला छोटा दिवा घेऊ की शाळेची बॅग?" दोनच पर्याय, दोन्ही मला झेपणारे. मोकळा प्रश्न टाकला की समोरचा माणूस आपल्या खिशाचा अंदाज घेत बसतो आणि सगळ्यात स्वस्त काय ते सांगतो. पहिल्यांदा "नको हो" आलं तर ते बऱ्याचदा रीतीचं असतं, एकदा परत विचारायला हरकत नाही. दुसऱ्यांदाही नको आलं तर ते खरं नको, विषय संपला, तोंड पाडायचं नाही. आणि मुलीला आपल्या हॉलमध्ये उभं करून "बाळा तुला काय हवं" हे तर अजिबात नको. आई ओट्यापाशी, मुलगी सोफ्याच्या कडेला, आपण बसलेलो, तिथे कुठलं मूल खरं बोलेल?

आता वस्तू घेणं. इथे बहुतेक लोक घाई करतात आणि दिसायला छान ते उचलतात. मी दुकानात जायच्या आधी कागदावर लिहून काढलं की ही वस्तू त्या घरात गेल्यावर रोज काय काय मागणार आहे. जागा, प्लग, सेल, चार्जिंग, कोणाची झोपमोड, आणि बिघडली तर कोण दुरुस्त करणार.

टेबल नाही, म्हणजे बुडाला जड गोल असलेला लॅम्प कामाचा नाही, पलंगाच्या कडेला किंवा फळीला लावता येईल असा चिमट्याचा हवा. चिमट्याचं तोंड किती उघडतं ते मोजून घ्या, काहींचं इतकं अरुंद असतं की पुठ्ठ्याशिवाय काही पकडत नाही. मान वाकवता येणारी हवी आणि डोक्यावर टोपीसारखं झाकण हवं, कारण उजेड वहीवर पडायला पाहिजे, झोपलेल्या माणसाच्या तोंडावर नाही.

मग बॅटरी. ताईंच्या घरी पलंगापाशी एकच प्लग आणि रात्री तिथे दोन मोबाईल चार्जिंगला, म्हणजे वायरचा लॅम्प लावायचा तर रोज भांडण. म्हणून चार्जिंगवाला. त्याच्या बॉक्सवर अमुक एमएएच असं लिहिलेलं असतं, त्यावरून किती वेळ चालेल याचा हिशोब आपला आपण करता येतो. आकडा हजाराने भागायचा आणि 3.7 ने गुणायचा, की बॅटरीत किती वॅट-तास आहेत ते येतं. 2000 एमएएच असेल तर साधारण 7.4. लॅम्प 3 वॅटचा असेल तर 7.4 भागिले 3, कागदावर अडीच तासाला थोडं कमी, प्रत्यक्षात दोन तास धरा कारण मधे थोडं वाया जातंच. तिचा अभ्यास दीड-दोन तास, म्हणजे 2000 वाला रोज काठावर, एक दिवस चार्ज करायचं राहिलं की अंधार. मी 4000 चा घेतला, दोन दिवस निघतात, आणि दिवसा प्लग मोकळा असताना चार्ज होतो. बॉक्सवर "20 तास चालतो" असं मोठ्या अक्षरात असेल तर ते बहुतेक सगळ्यात मंद उजेडावरचं असतं, त्यावर जाऊ नका.

दुकानातच तीन गोष्टी करून बघितल्या. लॅम्प लावला आणि मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला, स्क्रीनवर काळे पट्टे जोरात सरकताना दिसले तर तो दिवा लपलपतोय, डोळ्याला पटकन कळत नाही पण काहींना त्याने डोकं दुखतं, दुसरा घ्या. सगळ्या उजेडांवर बघा, काही दिवे फुल उजेडावर ठीक असतात आणि मंद केले की लपलपतात. दुसरं, चार्जिंगला लावून चालू होतो का बघितलं, काही मॉडेलं चार्जिंग होत असताना पेटतच नाहीत आणि हे नेमकं परीक्षेच्या आदल्या रात्री कळतं. तिसरं केबल. लॅम्पला टाइप-सी पिन असली तरी बरेच स्वस्त लॅम्प दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, एका टोकाला जुनी चपटी यूएसबी लागते. ताईंच्या घरी कोणता चार्जर आहे ते मला माहीत होतं (आमच्याच किचनमध्ये फोन लावतात त्या), तरी चालणारी केबल बॉक्समध्ये आहे याची खात्री केली. सोबत लागणारी वस्तू विकत आणायला लावणारं गिफ्ट म्हणजे गिफ्टमधून दिलेला खर्च, ते सायन्स किटचे सेल मला अजून टोचतात.

रंग विचाराल तर ना दवाखान्यासारखा निळसर पांढरा, ना अगदी पिवळा, मधला, बॉक्सवर 4000 केल्विन असं काहीसं असतं तो. आणि शक्यतो बॅटरी बदलता येईल असा, म्हणजे मागे स्क्रू असलेलं झाकण उघडलं की गोल लांबट सेल दिसतो तसा. सीलबंद असेल तर बॅटरी म्हातारी झाली की अख्खा लॅम्प कचऱ्यात.

आता एक अवघड प्रकार, आपल्याकडचं जुनं द्यावं का? माझं मत, द्यायला हरकत नाही पण त्याला गिफ्ट म्हणू नका आणि गिफ्टच्या दिवशी देऊ नका. आपल्या मुलाची सायकल लहान झाली, चांगली आहे, तर सरळ सांगा, "ही आम्हाला लागत नाहीये, तुम्हाला चालत असेल तर घ्या, नसेल तर विकून टाकतो." ब्रेक, टायर, चेन आधी नीट करून ठेवा, कुलूप सोबत द्या, मुलाची उंची विचारा, सीटवर बसल्यावर निदान पावलाचा पुढचा भाग टेकायला पाहिजे. आणि "विकून टाकतो" हे खरंच म्हणा, त्याने नाही म्हणायची वाट मोकळी राहते. तुटकी पझल, अर्ध्या लिहिलेल्या वह्या, झिप गेलेली बॅग, हे देणं नसतं, हा आपला कपाट आवरायचा कंटाळा असतो.

मापाच्या वस्तूंचं वेगळंच. आमचे ड्रायव्हरदादा, त्यांचा मुलगा बारा वर्षांचा, पळायला जातो, म्हणून मी एकदा अंदाजाने स्पोर्ट्स शूज घेतले. लहान झाले. बदलायला दादांना त्यांच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं आणि तिथे दुकानदाराने बिल कुठंय, बॉक्स कुठंय करत अर्धा तास उभं केलं. हे त्यांनी मला सांगितलंही नाही, खूप नंतर मुलाकडून कळलं.

पुढच्या वर्षी दादांनाच म्हटलं घरी माप काढून आणा. पद्धत सोपी आहे, संध्याकाळी (दिवसभरात पाय थोडे फुगतात), मुलाला भिंतीला टाच लावून कागदावर उभं करायचं, पूर्ण वजन देऊन, आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची, दोन्ही पायांची. त्याचं एक पाऊल 22.3 सेंटीमीटर आलं आणि दुसरं 22.7, असा फरक बहुतेकांना असतो, मोठं ते धरायचं. त्यात वाढीसाठी आणि पळताना पाय पुढे सरकतो त्यासाठी साधारण 1 सेंटीमीटर मिळवायचा, म्हणजे बूट आतून 23.7 च्या आसपास. दुकानात आतली गादी काढून पट्टीने मोजली, नंबरावर विश्वास ठेवला नाही कारण एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे बूट आतून वेगवेगळे निघतात. "दोन वर्षं चालतील" म्हणून दोन नंबर मोठे घ्यायचा मोह होतो, पण मोठ्या बुटात टाच वरखाली होते, फोड येतात, आणि पळणारं पोर ते घालायचं सोडूनच देतं.

खरं तर बूट-कपड्यांसाठी सगळ्यात बरं म्हणजे ते आधीपासून ज्या दुकानात जातात त्याच दुकानात पैसे भरून ठेवणं आणि बापलेकांना जाऊन निवडू देणं. आपल्या आवडीच्या चकाचक मॉलचं व्हाउचर देऊ नका, तिथे दारातच वॉचमन वर-खाली बघतो. व्हाउचर दिलंच तर मुदत कधी संपते आणि उरलेले पैसे परत वापरता येतात का, हे वाचून घ्या.

मोबाईल, टॅब याबद्दल एवढंच की आईवडिलांनी हो म्हटल्याशिवाय नाही. दर महिन्याचं रिचार्ज कोण भरणार हा एक भाग झाला, पण मुलाच्या हातात स्क्रीन द्यायची की नाही हा त्यांच्या घरचा निर्णय आहे, आपण तो गिफ्ट पेपरमध्ये गुंडाळून त्यांच्यावर टाकू नये. आणि आपला जुना टॅब असेल तर आपलं अकाउंट काढून पूर्ण रिसेट करूनच.

भावंडांचा विचार आधीच करा. एका मुलीला नवा लॅम्प आणि धाकटा बघत बसला तर रात्री त्या घरात काय होईल हे तुम्हालाही माहितीये. प्रत्येकाला तेवढंच मोठं द्यायला पाहिजे असं नाही, धाकट्यासाठी मी जाड खडूंची पेटी आणि मोठा कागदाचा पॅड ठेवला, आणि ते ताईंना आधी सांगितलं.

आता देणं. यात मी पूर्ण पद्धत बदलली. आधी मी मुलीला घरी बोलवायचे, हातात द्यायचे, "थँक्यू म्हण काकूंना" व्हायचं, फोटो काढायचे. आता देते ते ताईंना. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, त्या निघताना, दोघीच असताना, हळूच. मग त्या ते आपल्या वेळी, आपल्या घरी, आपल्या पद्धतीने मुलीला देतात. माझ्याकडून म्हणून द्यायचं की स्वतःकडून, ते त्यांनी ठरवावं, मी विचारत नाही. मुलीच्या मनात आईने आणलेला लॅम्प म्हणून तो राहिला तरी उजेड तेवढाच पडतो ना. फोटो नाही, स्टेटस नाही, बिल्डिंगच्या ग्रुपवर तर नाहीच नाही.

देताना बारीक गोष्टी असतात. किमतीचं लेबल काढलं पण बिल फाडलं नाही, बिल आणि वॉरंटी कार्ड वेगळ्या बंद पाकिटात, "बदलायचं झालं तर लागेल, आठवड्याच्या आत बदलतात" एवढं सांगून. किंमत कळली तर कळली, पण बिलाशिवाय बदलायला पाठवणं म्हणजे माझ्या त्या बुटांचाच प्रकार परत. ताई बसने जातात, हातात डबा आणि छत्री असते, म्हणून बॉक्स त्यांच्या पिशवीत मावेल एवढाच आहे ना ते बघितलं, वर चकचकीत कागद लावला नाही, घडी करून सोबत दिला.

आणि गेट! हे मला सुचलंच नव्हतं, ताईंनीच एकदा चेहरा पाडून सांगितलं. ज्या सोसायट्यांत कामाच्या बायकांच्या पिशव्या बाहेर जाताना तपासतात तिथे नवीन बॉक्स दिसला की "हे कुठून आणलं, मॅडमना फोन लावू का" सुरू होतं, चार लोकांसमोर. त्यामुळे एक तर खाली जाऊन गेटपर्यंत त्यांच्यासोबत चाला, नाहीतर त्या निघायच्या आधीच इंटरकॉमवर सांगून ठेवा, "पिशवीत एक लॅम्प आहे, मी दिलाय." मी चालत गेले. वॉचमनने काही विचारलंच नाही.

चिठ्ठी लिहायची असेल तर मुलीचं नाव नीट विचारून, शाळेत जसं लिहिते तसं लिहा, घरच्या हाकेचं नको. मजकूर दोन ओळी. मी लिहिलं, "वाढदिवसाच्या शुभेच्छा. मानेला वाकवता येतो, डाव्या बाजूला लाव म्हणजे हाताची सावली वहीवर पडणार नाही." (ती उजव्या हाताने लिहिते हे विचारलं होतं, डावखुऱ्या मुलांना उलटं.) खूप शिक, आईचं नाव काढ, पहिला नंबर आण, यातलं काही नको. आपल्या भाचीला लॅम्प देताना आपण असं लिहितो का?

नंतर चौकशी नाही. "लॅम्प वापरते ना?" हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, समोर तो हजेरीसारखा ऐकू येतो. परीक्षेत मार्क कमी पडले तर लॅम्पचा उल्लेख चुकूनही नाही. त्यांनी विकला, भाच्याला दिला, कपाटात ठेवला, त्यांची वस्तू. उपयोगी पडला की नाही ते कळायचं तेव्हा कळतं, मला कळलं ते ताई एकदा वैतागून म्हणाल्या तेव्हा, की धाकटा रात्री त्या उजेडात भिंतीवर हाताने कुत्रे-ससे करतो आणि बहिणीला अभ्यास करू देत नाही.

मागच्या महिन्यात म्हणाल्या, दिवा हल्ली तासाभरात मान टाकतो. सेल गेला असणार. घरी गेल्यावर झाकण उघडून सेलवरचा नंबर बघून या म्हटलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर फोटो दाखवला, 18650, बाजारात मिळणारा नेहमीचाच माल. त्याच मापाचा नवीन, ओळखीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून, वर 9900 एमएएच वगैरे छापलेला नाही, कारण त्या मापात तेवढं मावतच नाही, चांगला सेलही 3500 च्या आसपास थांबतो. त्या लॅम्पमध्ये असे दोन बसतात, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे, एक नवा एक जुना नाही. ताई म्हणाल्या, "सेल मीच घेते, तुम्ही फक्त कुठला ते लिहून द्या." लिहून दिलं.